काळं नको, पांढरं विनाइल

"बेळगावात खडेबाजारला दुकान आहे. काचेवर वेळ आणि क्यूआर काळ्या विनाइलमध्ये कापून लावू का?"

काळं नको. दिवसा बाहेर ऊन, आत अंधार. रस्त्यावरून काच काळपट दिसते आणि काळी अक्षरं तिच्यात बुडतात. पांढरं घ्या. वेळ दाराच्या मुठीच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, आकडे निदान अडीच सेंटीमीटर उंच. मात्रा-वेलांट्या जाड ठेवा, बारीक रेघा लावतानाच उचलल्या जातात. दुकानाचं नावही काचेवरच असेल तर कर्नाटकच्या नियमाप्रमाणे वरच्या अर्ध्या भागात कन्नड, नावाच्या फलकात एकूण 60 टक्के. त्यानंतर मराठीची जागा आखा.

क्यूआर मात्र कापू नका. पांढरा कापला तर गडद काचेवर रंग उलटे होतात, काही फोन तो वाचत नाहीत. पांढऱ्या स्टिकरवर काळा छापून, चारही बाजूंनी कोरी कड ठेवून लावा.