डिशवॉशर नुसतं घूं घूं करतंय, पाणी फवारत नाही, उपसतही नाही. पंप बदलू की नवीन घेऊ?

मृण्मयी_ठाणे
13 सेटचं मशीन आहे, सहा वर्षं झाली. परवा रात्री लावलं आणि सकाळी उघडलं तर भांडी जशीच्या तशी खरकटी. पावडरच्या कप्प्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. तळाच्या जाळीवर चार बोटं गढूळ पाणी. पुन्हा चालू केलं की खालून मिनिटभर घूं घूं येतं, थांबतं, परत येतं. मेकॅनिकने फोनवरच सांगितलं की दोन्ही पंप गेले, 11,000 होतील. माझं बजेट 3,000 आहे. त्यात काय करता येईल? 22 तारखेला मी पंधरा दिवसांसाठी बाहेर जातेय, घरी आई एकटीच असेल.

सदाशिवपेठी
सहा वर्षं झाली ना? मग काढून टाका. आम्ही मागच्या दिवाळीत 14 सेटचं घेतलं, 52,000 ला. कुकर, कढई, परात, सगळं एका वेळी बसतं. जुन्यावर पैसे घालत बसू नका.

मृण्मयी_ठाणे
बजेट 3,000 लिहिलंय हो.

टेरेस_फ्लॅट
आमच्याकडे डिट्टो हेच झालं होतं. पंप बिंप काही नाही, पाण्याला प्रेशर नव्हतं. आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर, टाकी जेमतेम दोन मीटर वर. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत 0.5 बार लिहिलंय, म्हणजे टाकी साधारण 5 मीटर उंच हवी. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह नुसता गुणगुणत राहायचा. शिवाय सोसायटीने टाकी धुतल्यावर पाइपच्या तोंडाशी असलेल्या जाळीत वाळू अडकली होती. जाळी धुतली, छोटा प्रेशर पंप लावला, संपलं.

वाइंडिंगवाले_काका
टेरेस_फ्लॅट, तुमचा अनुभव खरा आहे, पण तुमच्या मशीनमध्ये पाणी नव्हतं. पाणीच नसेल तर फवारणार काय आणि उपसणार काय? मृण्मयीताईंच्या तळाशी चार बोटं पाणी आहे. सगळा फरक तिथे पडतो.

ताई, दोन पंप एकाच रात्री जाणं फार क्वचित होतं. बहुतेक मशीन चालू केल्यावर आधी तळाचं पाणी बाहेर टाकतात, मग नवीन घेतात, मग फवारणी. पहिलंच पाऊल अडलं की पुढचं काही होत नाही. फवारत नाही म्हणून फवारणीचा पंप गेला असं नाही, त्याची पाळीच आलेली नसते. पावडरचा कप्पा बंद राहिलाय, तेही याच्याशी जुळतं. उपसणाऱ्या पंपाच्या पंख्यात काही अडकलं की त्याची मोटर फिरू शकत नाही, नुसती घूं करते. दोन गोष्टी सांगा. त्याच्या आधीच्या वेळी भांडी स्वच्छ निघाली होती का? आणि अलीकडे आत काही फुटलं होतं का?

मृण्मयी_ठाणे
भांडी स्वच्छ निघाली होती. जाळीत थोडं पाणी दिसलं होतं, मी लक्ष दिलं नाही. आणि हो, रविवारी एका काचेच्या ग्लासचा काठ उडाला होता. मोठे तुकडे उचलले होते.

कपॅसिटर_किंग
मोटर घूं करते आणि फिरत नाही म्हणजे कपॅसिटर. सीलिंग फॅनसारखंच. शंभर-दीडशे रुपयांचा खेळ आहे.

वाइंडिंगवाले_काका
जुन्या मशीनच्या फवारणीच्या पंपाला ते लागू पडतं, तिथे कपॅसिटर असतो. उपसणारा पंप मात्र साधारण 30 वॉटचा, आत चुंबक असलेला छोटा पंप. त्याला बहुधा कपॅसिटर नसतोच.

न्यूजर्सीकर
Drain pipe सिंकखाली जिथे जोडलाय तिथेही बघा. आमच्या नव्या सिंकच्या ग्राइंडरला त्या तोंडावर प्लास्टिकचं बूच होतं, प्लंबरने काढलंच नव्हतं. पंप फिरत होता, पाणी मात्र जागचं हलत नव्हतं. त्यांच्याकडे ग्राइंडर नसेल कदाचित, पण सिंकचा पाइप तुंबला तरी तेच होतं.

वाइंडिंगवाले_काका
बरोबर. म्हणून पंप उघडायच्या आधी ते तपासा. सिंकखालचं मशीनच्या पाइपचं टोक काढून बादलीत धरा, बादली ओट्याच्या उंचीवर ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्ट बटण 3 सेकंद दाबून ठेवलं की पाणी उपसायला लागतं. बादलीत जोरात पाणी आलं तर पंप ठीक, दोष सिंकच्या पाइपमध्ये. घूं होऊन थेंबही आला नाही तर पाइपला कुठे मुडप पडलीय का बघा, आणि मग पंपाकडे वळा.

प्लग काढा, नळ बंद करा. जाड रबरी हातमोजे घाला, काच आहे. जाळी काढून स्पंजने पाणी टिपून घ्या. खालच्या खड्ड्यात एका बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण असतं. काही मशीनमध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं, काहींमध्ये स्क्रू असतो. त्यामागे पंखा. तो बोटाने फिरवलात तर अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरेल. ते चुंबकामुळे, बिघाड नाही. अजिबात हललाच नाही तर काहीतरी अडकलंय. ओढू नका, चिमट्याने काढा.

जयसिंगपूरची_सून
मी तर म्हणते भांडी आधी विसळूनच लावावीत. आमच्या पंपातून तीन चिंचोके आणि बरणीवरचं लेबल निघालं.

सदाशिवपेठी
विसळायचंच असेल तर मशीन कशाला घेतलं? खरकटं फक्त झटकायचं, बाकी मशीनचं काम.

जयसिंगपूरची_सून
झटकून चिंचोका जातो, पण फोडणीतली मोहरी नाही जात ताटाला चिकटलेली.

मृण्मयी_ठाणे
उघडलं! बादलीत एक थेंब आला नव्हता. झाकण दुसऱ्या प्रयत्नात निघालं. पंख्याच्या पात्याखाली नखाएवढा, तीन कोनी काचेचा तुकडा रुतून बसला होता, भोवती मोहरी आणि कढीपत्त्याची काडी. तुकडा काढल्यावर पंखा काका म्हणाले तसाच अडखळत फिरला. झाकण बसवलं, तांब्याने पाणी ओतलं, स्टार्ट दाबून ठेवलं आणि अर्ध्या मिनिटात तळ रिकामा. मग छोटा प्रोग्राम लावला, फवारणीही झाली. पण एका पात्याचं टोक तुटलंय आणि उपसताना आता थोडा खरखर आवाज येतो.

वाइंडिंगवाले_काका
छान झालं. पाणी झटकन जात असेल तर लगेच बदलू नका. जाळी परत बसवताना घट्ट फिरवून लॉक करा. ती सैल असली की काच सरळ खाली उतरते. खरखर वाढली किंवा तळाशी पुन्हा पाणी राहिलं, तर बदला.

कपॅसिटर_किंग
बदलायची काहीच गरज नाही. माझा टोक तुटलेला पंखा दोन वर्षं चालतोय.

सदाशिवपेठी
आत्ता चालेल, पुढच्या महिन्यात बोर्ड जाईल. नवीन घ्या.

मृण्मयी_ठाणे
पंपावरचा पार्ट नंबर वाचून फक्त उपसणारा पंप मागवलाय, 1,850 ला. चालतंय तरी बदलतेय. मी नसताना तो अडला तर आई गुडघे टेकून स्पंजने पाणी काढत बसेल, ते मला नकोय. आमच्या गल्लीतला वॉशिंग मशीनवाला शनिवारी 500 मध्ये बसवून देणार आहे. जुना पंप डब्यात ठेवते.

वाइंडिंगवाले_काका
मशीन आडवं करायच्या आधी तळाचं पाणी पूर्ण टिपायला सांगा त्याला. पाणी खालच्या ट्रेमध्ये सांडलं तर तिथला फ्लोट उचलला जाईल आणि नवा पंपसुद्धा थांबायचं नाव घेणार नाही.

टेरेस_फ्लॅट
आणि प्रेशर एकदा मोजून घ्याच.