मदत हवी: सर्पदंशाच्या उत्तरात 'घट्ट दोरी' लिहिली, तर गुण द्यायचे का?

गुहागरकर_मास्तर
अकरावीच्या आरोग्यशास्त्राचे पेपर तपासतोय. प्रश्न ५ गुणांचा: पायाला साप चावल्यास प्रथमोपचार लिहा. एका मुलीने लिहिलंय: रुग्णाला धीर द्यावा, पाय हलवू देऊ नये, दंशाच्या वर दोरी घट्ट आवळावी, ब्लेडने चीर देऊन रक्त वाहू द्यावं, रुग्णालयात न्यावं. मला मिळालेल्या जुन्या नमुना उत्तरात दोरीला १ आणि चिरेला १ गुण आहे. काय करू?

कातळवाट
आमच्या काकांना बागेत पान लागलं तेव्हा दोरी बांधूनच नेलं होतं. वाचले की! द्या गुण.

सिस्टर_रत्नागिरी
काका वाचले ते बरंच झालं, पण दोरीमुळे वाचले असं नाही. आपल्या कातळावर फुरसं फार. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला चीर दिली तर ती जखम वाहतच राहते. तिथे शून्य, आणि लाल शेरा.
दोरीने रक्तपुरवठा तुटतो, विष एकाच जागी साचून मांस सडू शकतं. शिवाय वाटेत कुणी ती एकदम सोडली तर साचलेलं विष एकाच वेळी अंगात जातं. बांधून आणलेला पेशंट आला तर लस तयार ठेवून, डॉक्टर समोर असतानाच आम्ही ती सोडतो.

जुना_स्काऊट
बरोबर, दोरी नकोच. त्याऐवजी पूर्ण पायाला क्रेप बँडेज गुंडाळायचं असतं.

सिस्टर_रत्नागिरी
ते ऑस्ट्रेलियातलं. तिथले साप चावले की चावल्या जागी मांसाची नासाडी सहसा कमी होते. आपल्याकडे फुरसं, घोणस चावलं तर बँडेजने पायाची सूज आणि नासाडी वाढायची भीती. पायाला बांबूची कामटी सैल बांधा, जोडवी-पैंजण काढा, चालवू नका, लस असेल त्या रुग्णालयात न्या. एवढं लिहिलं की पुरे.

विंचू_वैताग
विंचवालाही हेच का? काल रात्री पडवीत...

सिस्टर_रत्नागिरी
विंचवाचं वेगळं. घाम फुटला, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले तर इथली चर्चा सोडा आणि आधी दवाखाना गाठा.

गुहागरकर_मास्तर
म्हणजे धीर, पाय स्थिर, रुग्णालय यांचे ३. पण दोरी तिला शिकवलेलीच असेल. तिचा गुण कापणं न्याय्य आहे का?

सिस्टर_रत्नागिरी
मी कापेन. उद्या ही मुलगी खरंच कुणाचा तरी पाय आवळेल.

जुना_स्काऊट
मी नाही कापणार. चूक नमुना उत्तराची. गुण द्या, शेजारी 'धोकादायक, करू नये' लिहा, आणि सगळ्या पेपरांना तोच नियम लावा. एकीला ३ आणि दुसऱ्याला ४ नको.

गुहागरकर_मास्तर
चिरेचा गुण नाही, हे पक्कं. दोरीचं उद्या मुख्य परीक्षकांना विचारतो. तोवर ते पेपर बाजूला ठेवलेत.