बँकेनं मैत्रीच्या सुरात बोलावं, पण कुठं?

मेघा_इंदूर
इंदूरच्या एका नागरी सहकारी बँकेत ग्राहकांना जाणारे संदेश आणि पत्रकं मी लिहिते. संचालक म्हणतात, "आपली भाषा सरकारी वाटते. जरा आपुलकीची करा, पण भरवसा उडता कामा नये." एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर आत्ता जातो तो संदेश: «आपला व्यवहार अयशस्वी झाला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.» जाहिरात एजन्सीनं दिलेला: «अरेरे! मशीन रुसलं वाटतं 😊 काळजी नको, आम्ही आहोत ना!» (जातात हिंदीतून, इथे मराठीत दिलेत.) तुम्हाला कुठला पटतो?

सराफा_रात्री_बारा
दुसरा. पहिला वाचून वाटतं, चूक माझीच होती. आमच्या वयाच्या पोरांना असलं बोलणं आवडतं. शिवाय बँकेचा सूर एकदा ठरला की सगळीकडे तोच हवा. अ‍ॅपमध्ये एक आणि संदेशात दुसरा, हे बरं दिसत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
सगळीकडे तोच हवा, हे अर्धं बरोबर. माणूस तोच असावा. पण तोच माणूस लग्नात बोलतो तसा दवाखान्यात बोलत नाही. पाच हजार अडकलेत आणि बँक म्हणते मशीन रुसलं! काउंटरवर मी असं बोललो असतो, तर समोरच्यानं कॉलर धरली असती.

मेघाताई, दोन्ही नमुन्यांत खोट एकच आहे. ग्राहकाला हवं ते दोन्हीकडे नाही: किती पैसे, कधी परत आणि नाही आले तर काय? याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात आहे. व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी, तेही कॅलेंडरचे दिवस, सुट्ट्या धरून. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये, आणि ते तक्रारीची वाट न बघता द्यायचे. हेच लिहा:

«12 तारखेला एटीएममधून ₹5,000 निघाले नाहीत, पण खात्यातून वजा झाले. ही रक्कम 17 तारखेपर्यंत परत जमा होईल. उशीर झाला तर रोजचे ₹100 बँक स्वतःहून देईल.»

यात 'अरेरे' नाही, 'क्षमस्व'ही नाही. तरी वाचणारा शांत झोपेल.

जेलरोडचा_नाना
माझं ऐका. वडील गेल्यावर मृत्यूचा दाखला शाखेत दिला, पोचही घेतली. तरी पुढच्या महिन्यात त्यांच्या नंबरवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, केकच्या चित्रासकट. फोन आईकडे असतो. कसली आपुलकी घेऊन बसलात? आधी यादी नीट करा.

मेघा_इंदूर
नाना, वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे शुभेच्छांची यादी वेगळी निघते, मृत खातेदारांच्या दाव्यांची वेगळी. उद्याच विचारते.

काका, नमुना आवडला, पण देवनागरीत एका संदेशात 70 अक्षरं मावतात. जास्त झाली की 67-67 चे तुकडे पडतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात. तुमचा तीन तुकड्यांचा होतो. शिवाय मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. रक्कम आणि तारीख तेवढी बदलती ठेवता येते.

निवृत्त_शाखाधिकारी
तीन तुकड्यांचे पैसे द्या. कमी लिहिलंत तर तोच माणूस शाखेत येतो आणि कर्मचाऱ्याची वीस मिनिटं खातो.

स्विचरूम
काका, एक अडचण आहे. मशीनच्या नोंदीत व्यवहार 'अयशस्वी' दिसला तरच हा संदेश आपोआप सुटतो. नोट अडकली आणि नोंदीत 'यशस्वी' पडलं, तर ग्राहकाला पैसे काढल्याचा नेहमीचा संदेश जातो. तिथे रोकड मोजून ताळा लागेपर्यंत 17 तारखेचं वचन देता येत नाही. त्या ग्राहकाला तक्रार करावीच लागेल, म्हणून त्याच्यासाठी वेगळा मजकूर हवा: «तक्रार मिळाली. मशीनमधली रोकड मोजून निकाल कळवू.» रूक्ष आहे, पण खोटा नाही.

प्राजक्त_बडोदा
एजन्सीच्या सुराचा धोका कुणी बोललंच नाही. 'केवायसी आजच करा, नाहीतर खातं बंद' असले ठगांचे संदेश हल्ली गोड बोलूनही येतात, शेवटी लिंक चिकटवलेली. आमच्या बडोद्यात सासूबाई अशाच फसता फसता वाचल्या. म्हणून सुरासोबत दोन गोष्टी लिहून ठेवा: पैशांच्या संदेशात घाई करायची नाही आणि लिंक द्यायची नाही. संकेतस्थळ सांगायचंच झालं तर `.bank.in` चा पत्ता अक्षरांत लिहा, ग्राहक स्वतः टाइप करेल.

सराफा_रात्री_बारा
मग आपुलकी उरली कुठे? सगळंच तारखा आणि रुपये!

प्राजक्त_बडोदा
खातं उघडल्यावर, कर्जाचा शेवटचा हप्ता फिटल्यावर. «गृहकर्ज फिटलं, अभिनंदन! घराची कागदपत्रं 30 दिवसांच्या आत शाखेतून परत मिळतील.» तिथे हसरा चेहरा टाका हवा तर.

निवृत्त_शाखाधिकारी
हसरा चेहरा तिथेही नको.

मेघा_इंदूर
संचालकांना दिवाळीला तरी हवाच आहे, काका. एटीएमचा मजकूर मात्र तुमचाच मंजुरीला पाठवते, स्विचरूमच्या दुसऱ्या नमुन्यासह.