मेटा म्हणतं 410 ऑर्डरी माझ्या, गुगल म्हणतं 330 माझ्या, आणि आल्यात एकूण 600. बंद कुणाला करू?

मेतकूट_भात:
सांगलीहून घरगुती मसाले, मेतकूट, भाजणी ऑनलाइन विकते, स्वतःची वेबसाइट आहे. महिन्याला 600 च्या आसपास ऑर्डरी. जाहिरातीचा खर्च असा: मेटावर (इन्स्टा धरून) 1,80,000, गुगलवर आमच्या ब्रँडच्या नावाच्या सर्चवर 36,000, बाकी गुगल शॉपिंग 44,000. मेटा 410 ऑर्डरींवर हक्क सांगतं, गुगल 330 वर, त्यातल्या 230 ब्रँडच्या नावावरच्या. बेरीज 740! आणि जीए फोरमध्ये, म्हणजे गुगल ॲनालिटिक्समध्ये, लास्ट क्लिक लावून बघितलं तर मेटाच्या नावावर फक्त 95. नवरा म्हणतो मेटा बंद कर, पैसे वाया चाललेत. मला धाडस होत नाही. कुठला आकडा खरा धरायचा?

हिशेबी_माणूस:
तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत. शेवटचा क्लिक जिथून आला त्याने गिऱ्हाईक आणलं, विषय संपला. मेटा स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतं, जाहिरात नुसती डोळ्यासमोरून गेली आणि माणसाने एका दिवसात काहीही घेतलं की ते पण स्वतःच्या खात्यात टाकतं. क्लिक केला असेल तर 7 दिवस. आणि गुगल ॲड्स तर साधारण 30 दिवस मागे जाऊन क्लिक शोधतं. एकच ऑर्डर दोघं मोजतात म्हणून 740 होतात. लास्ट क्लिकमध्ये निदान एक ऑर्डर एकदाच मोजली जाते.

चप्पल_कोल्हापुरी:
ताई आमचं पण अस्संच झालं होतं!! मेटा दाखवत होतं 300 ऑर्डर, आणि शेवटी हातात पैसे आले 190 चे. मग कळलं की कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर पडली की ती लगेच मोजली जाते, नंतर कुरियरवाला दारात गेला आणि पोरगं म्हणालं नको, चप्पल परत, तर ते कुठंच वजा होत नाही. तुमचे 410 मधले किती परत आले ते बघा आधी

मेतकूट_भात:
दादा परतीचं प्रमाण आमच्याकडे कमी आहे, मसाल्यात फार कुणी परत करत नाही. आणि 600 हा आकडा मी पोहोचलेल्या ऑर्डरींचाच दिलाय. माझा प्रश्न वेगळा आहे, एकच बाई आधी इन्स्टावर रील बघते, चार दिवसांनी गुगलवर आमचं नाव टाकते, जाहिरातीवर क्लिक करते आणि घेते. आता ती कुणाची?

आकडेमोड_पुणे:
ती कुणाचीच नाही, तिथेच सगळी गोम आहे. हिशेबी दादा जे म्हणतायत ते मोजणीपुरतं बरोबर आहे, एक ऑर्डर एकदाच धरली जाते हे खरं. पण "कुणी आणलं" हे त्यातून कळत नाही, "शेवटी दारात कोण उभं होतं" एवढंच कळतं. लग्न जमवणारी मावशी वेगळी आणि मांडवात अक्षता वाटणारा वेगळा, लास्ट क्लिक अक्षता वाटणाऱ्याला सगळं मानधन देऊन टाकतं. ताई, तुमच्या नावाने सर्च करणारीला नाव आधीच माहीत होतं ना. मग त्या जाहिरातीने तिच्यासाठी नेमकं काय केलं? खरा प्रश्न श्रेय कसं वाटायचं हा नाहीच, ती जाहिरात दिसली नसती तर ऑर्डर आली असती का, हा आहे. आणि श्रेय वाटायच्या कुठल्याही मॉडेलमध्ये, फर्स्ट क्लिक घ्या लास्ट घ्या, या प्रश्नाचं उत्तर नसतं, कारण जाहिरात न दिसलेली तीच बाई कुणाच्याच डेटात नाही.

एजन्सीवाला_ठाणे:
इतकं पण नाही हो. म्हणून तर डेटा ड्रिव्हन मॉडेल आलं. गुगलने 2023 मध्ये फर्स्ट क्लिक, लिनियर, टाइम डिके, पोझिशन बेस्ड सगळी काढून टाकली, कारण ते हाताने ठरवलेले वाटे होते. डेटा ड्रिव्हन मॉडेल ज्यांनी घेतलं आणि ज्यांनी नाही घेतलं अशा दोघांचे रस्ते शेजारी ठेवून बघतं, कुठली पायरी काढली तर खरेदीची शक्यता किती उतरते. आमचे क्लायंट त्यावरच बजेट ठरवतात आणि धंदा वाढतोय त्यांचा.

आकडेमोड_पुणे:
मॉडेल वाईट नाही, पण ते जे बघू शकतं त्याचेच रस्ते बघतं. ताईंच्या गिऱ्हाइकाने इन्स्टावर रील बघितली आणि क्लिक नाही केला, तर गुगलच्या मॉडेलला ती रील कधी घडलीच नाही. मेटा आपल्याकडचं बघणं गुगलला देत नाही, गुगल आपल्याकडचं मेटाला देत नाही. त्यात 2021 च्या एप्रिलपासून आयफोनवाल्यांना ॲप विचारतं ट्रॅक करू का, बरेच जण नाही म्हणतात, तिथून मेटाचे बरेच आकडे पण अंदाजाने भरलेले असतात. आणि दुसरं, जी बाई मेतकूट घेणारच होती तिलाच मेटा शोधून जाहिरात दाखवतं, ते त्याचं कामच आहे. मग "जाहिरात बघितलेल्यांनी जास्त घेतलं" याला काय अर्थ उरला. छत्री घेतलेल्यांवर पाऊस जास्त पडतो म्हणून छत्रीमुळे पाऊस येतो असं नाही ना.

ईबेची गोष्ट सांगतो. 2012 मध्ये त्यांनी याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या सर्च जाहिराती थांबवल्या. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांनी ते मोजून प्रसिद्ध केलंय, गेलेल्या क्लिकपैकी 99.5 टक्के लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच. कुठलंही मॉडेल त्या जाहिरातींना भरभरून श्रेय देत असणार.

हिशेबी_माणूस:
ईबे जगाला माहीत आहे हो, सांगलीचं मेतकूट आणि ईबे एका तराजूत नका घालू

आकडेमोड_पुणे:
मान्य, म्हणूनच ईबेचा आकडा उचलू नका, पद्धत उचला. ताई, ब्रँडची मोहीम दोन आठवडे बंद करून बघा, आणि गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये तुमच्या नावाचे फुकटचे क्लिक किती वाढतात ते मोजा. सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे ही.

मेटाची टेस्ट अवघड, पण होते. आमच्याकडे एक लोणच्याचा ब्रँड होता, साधारण तुमच्याएवढाच. मेटाच्या हिशेबाने ऑर्डरला 430 रुपये पडत होते, लास्ट क्लिकने 1,900. कोण खोटं? आम्ही काही जिल्हे निवडले (नाशिक, जळगाव, नागपूर, अमरावती असे) आणि तिथे मेटा पूर्ण बंद केलं, बाकी ठिकाणी चालू. ऑर्डर कुठली हे डिलिव्हरीच्या पिनकोडवरून धरायचं बरं का, ॲनालिटिक्समधलं शहर बघू नका, मोबाइल नेटवर बसलेला जळगावचा माणूस तिथे मुंबईचा दिसतो. बंद केल्यानंतरचा पहिला आठवडा मोजला नाही, कारण आधी बघितलेल्या जाहिरातींच्या ऑर्डर्स येतच राहतात.

टेस्टच्या आधीच्या चार आठवड्यांत त्या जिल्ह्यांत 240 ऑर्डर्स होत्या आणि बाकी भागात 360, म्हणजे दोन तृतीयांश. टेस्टच्या चार आठवड्यांत बाकी भागात 390 झाल्या, सीझन चढत होता. मग बंद भागात 260 यायला हव्या होत्या, आल्या 164. घट 96. त्या भागात वाचलेले पैसे होते 72,000. म्हणजे मेटाची एक खरी जास्तीची ऑर्डर 750 रुपयांना. मेटा म्हणत होतं त्यापेक्षा महाग, लास्ट क्लिक म्हणत होतं त्यापेक्षा खूप स्वस्त. मिस्टरांचं ऐकून सरळ बंद केलं असतं तर नुकसान झालं असतं.

एजन्सीवाला_ठाणे:
थांबा थांबा, मी पण जरा गणित करतो. 240, 360, 390 हे छोटे आकडे आहेत, असेच नुसत्या नशिबाने वरखाली होतात. तुमच्या 96 मध्ये दोन्ही बाजूला 55 तरी धरा, म्हणजे घट खरी 40 पण असू शकते आणि 150 पण. 72,000 ला भागा. ऑर्डरला 480 ते 1,800! म्हणजे चार जिल्हे उपाशी ठेवून तुम्ही परत त्याच दोन डॅशबोर्डच्या मधे येऊन उभे राहिलात 😄 यापेक्षा माझं मॉडेल काय वाईट?

आकडेमोड_पुणे:
हे बोललात ते खरं आहे, आणि ते मी आधीच सांगायला हवं होतं. 750 हा नेमका आकडा म्हणून मिरवू नये. पण फरक आहे. शून्य नाही हे नक्की कळलं, आणि 430 पण बहुतेक नाही हे कळलं. तुमच्या मॉडेलचा आकडा एकच आणि गुळगुळीत येतो, त्यात चूक किती हे ते सांगतच नाही. ही टेस्ट दोन महिन्यांनी जिल्हे उलटे करून परत केली की तो 480 ते 1,800 चा पट्टा आवळतो. दहा हजार ऑर्डर्सवाल्याला एकदाच पुरते, 600 वाल्याला धीर लागतो.

गोव्याची_काजूवाली:
मी हे सगळं सोडून दिलं, प्रत्येक रीलवालीला वेगळा कूपन कोड देते. कोड वापरला की तिची ऑर्डर. सोप्पं! फक्त एकीचा कोड अचानक महिनाभर खूप चालला म्हणून तिला जास्त पैसे दिले आणि मग कळलं तो कोड कूपनच्या साइटवर कुणीतरी टाकलेला, पेमेंट करता करता लोक तिथून उचलत होते 🙈

चप्पल_कोल्हापुरी:
काजूवाली ताई म्हणजे ती पण अक्षता वाटणारीच निघाली की

मेतकूट_भात:
अठरा दिवसांनी परत आले. मेटाला हात नाही लावला, ब्रँडची मोहीम दोन आठवडे बंद ठेवली. आधी आठवड्याला जाहिरातीवरून आमच्या नावाचे 700 क्लिक यायचे आणि खालच्या फुकटच्या लिंकवरून 900. बंद केल्यावर फुकटचे 1,540 झाले. म्हणजे 700 मधले 640 तसेही आले, 60 च गेले. दोन आठवड्यांत ऑर्डरी 271, एरवी 280 होतात, आता 9 चा फरक त्याच्यामुळे की उगाच, ते सांगता येणार नाही.

मग रात्री बसून हिशेब मांडला. गुगलच्या आकड्याने या मोहिमेची ऑर्डर 157 रुपयांना पडत होती, मी तीच सगळ्यात भारी समजायचे. पण खरे जाणारे क्लिक महिन्याला 260 धरले, आणि आधीच्याच दराने, म्हणजे महिन्याच्या साधारण 3,000 क्लिकमागे 230, अशा ऑर्डरी धरल्या तर 20 होतात. 36,000 भागिले 20. अठराशे! आणि एका ऑर्डरमागे मला सुटतात 420. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला मग मेटाचं पण असंच असणार. मी म्हटलं उलटं पण असू शकतं.

हिशेबी_माणूस:
उलटं कसं?

मेतकूट_भात:
अहो ते नाव टाकून शोधणारे 1,600 क्लिक आठवड्याला येतात कुठून? कुणीतरी कुठेतरी बघितल्याशिवाय सांगलीच्या मेतकुटाचं नाव नागपूरची बाई टाइप करेल का. आकडेमोड दादा, तुमच्या त्या चार जिल्ह्यांत नावाचा सर्च पण कमी झाला होता का?

आकडेमोड_पुणे:
तेव्हा जिल्ह्यानिहाय सर्च मोजला नव्हता. सर्च कन्सोल देश दाखवतं, जिल्हा नाही. मोजायला हवं होतं, गुगल ट्रेंड्समध्ये इतक्या छोट्या नावाला काही दिसत नाही.

एजन्सीवाला_ठाणे:
ताई एक सावधगिरी. तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी जाहिरात लावली तर हे 640 परत येणारे क्लिक तसे राहणार नाहीत. रोज एकदा गुप्त विंडोमध्ये स्वतःचं नाव टाकून बघत जा.

मेतकूट_भात:
बघते ना. परवा सकाळी एका मसालेवाल्याची दिसली, दुपारी नव्हती. ब्रँडची मोहीम अगदी थोड्या पैशात परत चालू करू का तशीच बंद ठेवू हे अजून ठरत नाहीये. आणि मेटाची जिल्ह्यांची टेस्ट दिवाळीच्या आधी करू नये ना?

आकडेमोड_पुणे:
दिवाळीच्या आधी नको. भाजणी नागपूरला कमी आणि पुण्याला जास्त उचलली जाते तेव्हा, बंद आणि चालू भागांमधलं प्रमाणच बिघडेल. डिसेंबर-जानेवारीत करा, आणि नातेवाइकांना पाठवलेल्या भेटीच्या ऑर्डर्स वेगळ्या काढा, पैसे पुण्याचे आणि पिनकोड जळगावचा असतो त्यांचा.

चप्पल_कोल्हापुरी:
कोल्हापूर बंद जिल्ह्यात टाकू नका ताई, आमच्या आईला तुमची रील बघूनच भाजणी आठवते