परदेशी क्लायंटला ओव्हरलॅपच्या वेळा कळवणारं पत्र: तुमचे अनुभव लिहा

पूर्वभाग_पिक्सेल: मी टॉवेल-चादरीच्या कॅटलॉगची डिझाइनं करतो, क्लायंट न्यूयॉर्कची. पहिले चार महिने काहीच ठरलेलं नव्हतं, रात्री दोनला फोन वाजायचा, मी उठून बघायचो, आणि बाईंना वाटायचं हा माणूस चोवीस तास जागाच असतो. शेवटी पत्र पाठवलं. मूळ इंग्रजीत होतं, मतलब असा:

"सोमवार ते शुक्रवार तुमच्या सकाळी ९ ते १२ मी ऑनलाइन असेन, त्या वेळेत पंधरा मिनिटांत उत्तर मिळेल. एखाद्या पानावरचा भाव, रंग, मजकूर बदलायचा असेल आणि ते १२ च्या आत आलं, तर पुढच्या कामाच्या दिवशी तुमच्या ९ ला तयार. नंतर आलं तर अजून एक दिवस. नवीन आठ पानांना तीन कामाचे दिवस, मोजणी सगळे फोटो आणि भाव हातात आल्यावर सुरू."

त्यांच्या ९ ला आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा. बाई लगेच हो म्हणाल्या. पण पत्रात दोन चुका होत्या, त्या नंतर सांगतो. तुम्ही काय लिहिता?

सातरस्ता: एवढं कशाला बे, अमेरिका साडेनऊ तास मागं, फिक्स. एकदा सांगायचं, विषय संपला.

नव्यापेठेतली: माझा प्रश्न जरा वेगळाय, क्लायंट कामाचे पैसे दीड दीड महिना देत नाही, तर पत्रात ते पण घालायचं का?

होटगीरोड: ताई, ते वेगळं पत्र. ह्याच्यात घातलं की क्लायंट फक्त पैशाची ओळ वाचतो आणि वेळा राहून जातात.

सातरस्ता, फिक्स नाही ओ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ पुढं करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा. म्हणजे त्यांचे ९ हे आपले साडेसात. म्हणून पत्रात एकाच गावाचं घड्याळ खिळायचं, शक्यतो त्यांचं, आणि वर्षातनं दोनदा आपली वेळ सरकते हे आपण घरी सांगून ठेवायचं. दोन्हीकडच्या वेळा लिहिल्या की नोव्हेंबरात त्यातली एक खोटी ठरते.

पूर्वभाग_पिक्सेल: हीच माझी पहिली चूक, खाली हौसेनं "माझे ६:३० ते ९:३०" पण लिहिलं होतं. नोव्हेंबरात मी साडेसहाला बसलो, बाई साडेसातला आल्या, आणि साडेनऊला मी उठलो तेव्हा त्यांचे ११ च वाजले होते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. एकदा फाइल त्यांच्या ११:५५ ला आली. नियमात बसत होती. मी सकाळी निवांत उघडली तर तीन साइजचे भाव गायब. विचारणार कुणाला, तिकडं मध्यरात्र! संध्याकाळपर्यंत हात चोळत बसलो आणि ९ ला तयार देतो म्हटलेलं हुकलं. तेव्हा कळलं, ओव्हरलॅप गप्पांसाठी नसतो, फाइल दोघं जागे असताना उघडून काय कमी आहे ते विचारण्यासाठी असतो. आता पत्रात ११ ची मुदत आहे, शेवटचा तास शंकांचा.

जुळेसोलापूरकर: माझं सिडनीचं काम, तिथं सगळं उलटं. ते आपल्या पुढं, साडेचार तास, आणि ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. त्यांची दुपार २ ते ५ म्हणजे आपली साडेनऊ ते साडेबारा, उन्हाळ्यात (त्यांच्या) साडेआठला बसावं लागतं. त्यात नळाला पाणी आलं की पळापळ. पण त्यांचा दिवस आपल्या आधी संपतो, म्हणून "उद्या सकाळी" म्हटलं तर माझ्याकडं फक्त दुपार-संध्याकाळ उरते. मी पत्रात दोन दिवसच लिहितो.

सातरस्ता: बरं, साडेदहा मान्य. पण शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी काम टाकलं आणि सोमवारी मागितलं तर रविवार गेलाच की.

होटगीरोड: जात नाही. उन्हाळ्यात त्यांचे शुक्रवारचे ५ म्हणजे आपला शनिवार पहाटेचे अडीच. त्यांचा सोमवार ९ ला उघडतो तेव्हा आपला सोमवार संध्याकाळपर्यंत आलेला असतो. छोटं काम सोमवारी दिवसा होतं. फक्त शंका निघाली तर अडकतं, म्हणून शुक्रवारी ११ नंतरचं सगळं मी मंगळवारवर लिहितो. आणि गड्ड्याच्या यात्रेचे दिवस डिसेंबरातच कळवतो, त्यांच्या कॅलेंडरवर संक्रांत नसते.

नव्यापेठेतली: हिवाळ्यात रात्री साडेदहापर्यंत बसायचं ते आपणच का? क्लायंटला ८ ला ये म्हणायला काय हरकत?

पूर्वभाग_पिक्सेल: मी म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, ८ ला मुलाला शाळेत सोडायचं असतं. सध्या हिवाळ्यात दोनच तास ठेवलेत आणि मुदत १० वर आणलीय, बघू ह्या सीझनला कसं जातंय.