बाळ साडेचार महिन्यांचं झालंय, आणि बिघडलोय मी. मदत हवी आहे

कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला आहे, वय ३१. बायको बाळंतपणाला माहेरी, कोरेगावला होती. तीन महिने झाल्यावर बाळाला घेऊन सांगलीला आली. मी दिवस मोजत होतो. आता मात्र सुट्टी झाली तरी अर्धा-पाऊण तास कंपनीच्या गेटबाहेर गाडीवर नुसता बसून राहतो. घरी जावंसं वाटत नाही. बाळ रडलं की छातीत धडधडतं. परवा दुधाची बाटली भिंतीवर आपटली. बायको बाळाला उराशी धरून मागे सरकली, ते डोळ्यांपुढून हलत नाही. रडू येत नाही, नुसता राग येतो. आईला सांगितलं, तर म्हणाली, "बाळंतीण ती हाय का तू?" हा आजार आहे की माझा स्वभावच असा आहे?

विट्याचा_दादा: जागरणं आहेत रे भावा. माझंही असंच झालं होतं. आठ दिवस सलग झोप काढ, सगळं जाग्यावर येतं.

कृष्णाकाठ: वहिनींना जपा हो. मला पहिल्या बाळंतपणानंतर असंच व्हायचं, गोळ्यांनी फरक पडला. त्यांना लवकर दाखवा.

मूळ लेखक: ताई, बायको बरी आहे. त्रास मला होतोय.

परिचारिका_सातारा: दादा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, जागरणानं चिडचिड होतेच. पण मला एक सांगा, बाळ दुसऱ्या कुणाकडे असताना तुम्हाला झोप लागते का?

बाळंतपणानंतरचं डिप्रेशन बापालाही येतं. दहातल्या साधारण एकाला येतं आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात जास्त दिसतं. आपल्याकडे नेमकी तेव्हाच बाळंतीण माहेरून परत येते. तोवर बाळाला बघायला आशाताई येऊन गेलेल्या असतात, डोसाच्या दिवशी आईला चार गोष्टी विचारल्या जातात. बाप तेव्हा दवाखान्याबाहेर गाडी लावत असतो. विचारायची वेळ आली तरी जी दहा प्रश्नांची यादी वापरतात ती मुळात आयांसाठी केलेली. तीत रडू येतं का हे आहे, रागाचं काहीच नाही. पुरुषाचं दुखणं बऱ्याचदा रागातून, घर टाळण्यातून, दारूतून बाहेर पडतं आणि घरचे त्याला स्वभाव म्हणतात.

मूळ लेखक: रविवारी दोघं आत्याकडे गेली होती. पाच तास मिळाले. छताकडे बघत पडून राहिलो.

परिचारिका_सातारा: मग हे नुसतं जागरण नाही. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा, केसपेपर काढताना "झोप नाही, राग येतो" एवढंच सांगितलं तरी चालतं. गोळ्या लागल्याच तर फरक पडायला दोन ते चार आठवडे जातात, मध्येच बंद करू नका. बायकोलाही तपासून घ्या. एकाला त्रास असला की दुसऱ्यालाही असण्याची शक्यता वाढते. राग चढला की बाळाला पाळण्यात ठेवून खोलीबाहेर या. बाळ पाच मिनिटं रडलं तर चालेल, त्याला हलवू मात्र नका. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर ओपीडीची वाट बघू नका, थेट अपघात विभागात जा. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

विट्याचा_दादा: मी तेव्हा वर्षभर रोज पीत होतो. जागरणच समजत होतो.

मूळ लेखक: मंगळवारी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी जातो. बायकोला आज सांगतोय. आईला काय सांगायचं ते अजून सुचत नाही.