रात्री फाइलींची नावे बदलणारी स्क्रिप्ट: जाणाऱ्या इंटर्नने दोष लिहून ठेवावेत की दुरुस्त करून जावे?

दप्तरखाना

आमच्या संस्थेत मोडी कागदांच्या रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांचे, छायाचित्रण चालते. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींना रुमालाचा क्रमांक आणि अनुक्रम देणारी स्क्रिप्ट एका इंटर्नने लिहिली असून ती रोज रात्री चालते. त्याची मुदत या आठवड्यात संपते आणि जाताना त्याने खालील नोंद दिली आहे. माहीत असलेले दोष दुरुस्त न करता लिहून ठेवणे योग्य आहे का, की उरलेल्या दिवसांत त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी? माझ्या दोन सहकाऱ्यांची मते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत.

> स्क्रिप्ट रात्री १:३० वाजता चालते. दिवसभरात कार्डावरून उतरवलेल्या फाइली ती नावाच्या क्रमाने घेते आणि रुमालाच्या फोल्डरमध्ये आधी जितक्या फाइली असतील त्याच्या पुढचा अंक देऊन हलवते.
>
> ```
> n=$(ls "$OUT" | wc -l)
> for f in "$IN"/*.JPG; do
>   n=$((n+1))
>   mv "$f" "$OUT/$(printf '%s_%04d.jpg' "$RUMAL" "$n")"
> done
> ```
>
> दोन ठिकाणी ती चुकते आणि दोन्ही वेळा लॉगमध्ये काहीच दिसत नाही.
>
> पहिले ठिकाण असे: कॅमेऱ्याचा अंक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. समजा, २८० छायाचित्रांचा रुमाल IMG_9871 पासून सुरू झाला, तर पहिली १२९ छायाचित्रे ९९९९ पर्यंत जातात आणि उरलेली १५१ पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. नावाच्या क्रमात ही १५१ आधी लागतात, त्यामुळे रुमालाचा पहिला कागद १५२ वा होतो. ओळखण्याची खूण म्हणजे सुरुवातीला टिपलेली रंगपट्टी ०००१ वर न दिसता मध्येच कुठेतरी दिसते.
>
> दुसरे ठिकाण: रुमालाच्या फोल्डरमधील फाइल मध्येच पुसू नये. १४० फाइलींपैकी ००५७ अस्पष्ट म्हणून पुसली, तर मोजणी १३९ येते, उद्याच्या पहिल्या फाइलीला ०१४० हे नाव मिळते आणि आधीची ०१४० नाहीशी होते. संध्याकाळी फोल्डरमध्ये १३९ आणि आवकेत १०० फाइली असतील, तर सकाळी २३९ असायला हव्यात. २३८ दिसल्या तर हेच घडले आहे असे समजावे आणि कार्ड पुसू नये.

सह्यकडा

नोंद स्वच्छ आहे, याबद्दल शंका नाही. पण ज्याला दोषाचे कारण इतके नेमके सांगता येते त्याला तो दुरुस्तही करता येतो, आणि मग तो तसाच सोडणे मला पटत नाही. "मध्येच फाइल पुसू नये" ही सूचना वाचणारा माणूस सहा महिन्यांनी बदललेला असेल आणि नवा माणूस अस्पष्ट छायाचित्र पाहताच ते पुसेल, कारण तेच स्वाभाविक आहे. मोजणी करण्याऐवजी शेवटच्या फाइलीचा अंक घेतला की दुसरा दोष संपतो, आणि त्यासाठी पहिली ओळ काढून दोन ओळी घालणे पुरेसे आहे:

```
last=$(ls "$OUT" | tail -n 1 | sed 's/.*_//; s/\.jpg$//')
n=$((last))
```

एवढ्यासाठी पानभर नोंद लिहिण्यात जो वेळ गेला, त्यात हे काम झाले असते.

रात्रपाळी

मी अनेक वर्षे सर्व्हर सांभाळतो आणि नेमक्या अशाच दोन ओळींची मला भीती वाटते. बॅशमध्ये शून्याने सुरू होणारा अंक अष्टमान पद्धतीने वाचला जातो. शेवटची फाइल ०१४० असेल, तर तुमच्या `n` ची किंमत १४० न होता ९६ होते. त्या रात्री आलेल्या १०० फाइलींना ०१४१ ऐवजी ००९७ पासून नावे मिळतील आणि ००९७ ते ०१४० या ४४ फाइलींवर नव्या फाइली बसतील. इंटर्नच्या मूळ दोषात एकच फाइल जात होती. शेवटची फाइल ००८९ असती तर निदान त्रुटीचा संदेश तरी आला असता, कारण ८ आणि ९ हे अंक अष्टमानात नसतात. `$((10#$last))` असे लिहिले की हे टळते, पण रिकाम्या फोल्डरसाठी त्यातही वेगळी सोय करावी लागते.

कोणीतरी लगेच `mv -n` सुचवील, म्हणून तेही पाहू. त्याने जुनी फाइल वाचते, पण नवी आवकेत अडकून राहते आणि उरलेल्या ९९ पुढे सरकतात. दुसऱ्या रात्री मोजणी २३८ येते, पुढचे नाव ०२३९ ठरते आणि तेही आधीच वापरलेले असते. म्हणजे तीच फाइल रोज रात्री अडकत राहते. नाश टळला एवढे खरे, पण कागद क्रमाबाहेरच राहिला.

माझे मत असे की जो माणूस शुक्रवारी जाणार आहे त्याने गुरुवारी चालू स्क्रिप्टला हात लावू नये. बदलाचा परिणाम दिसेल तेव्हा तो तिथे नसेल. या नोंदीत मला सर्वांत मोलाची वाटली ती २३८ आणि २३९ ची खूण, कारण ती कोड न वाचणाऱ्यालाही तपासता येते.

फोटोवाला

आमचा लग्नाच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे आणि ९९९९ चा त्रास आम्हालाही होत असे. यावर स्क्रिप्टची गरजच नाही. कॅननच्या मेनूमध्ये फाइल क्रमांकन "कंटिन्युअस" ऐवजी "ऑटो रिसेट" करा; नवे कार्ड घातले की अंक ०००१ पासून सुरू होतो. एका लग्नात दहा हजार छायाचित्रे होत नाहीत, तशी एका रुमालातही होणार नाहीत. आम्ही तर प्रत्येक समारंभाचे फोल्डर हातानेच करतो आणि आजवर काही बिघडलेले नाही.

रात्रपाळी

फोटोवाला, तुमच्याकडे प्रत्येक समारंभाचे फोल्डर वेगळे असते म्हणून ते चालते. इथे दिवसभराच्या सगळ्या फाइली एकाच आवक फोल्डरमध्ये उतरतात. दुपारी कार्ड बदलले आणि ऑटो रिसेट असला, तर सकाळची IMG_0001 आणि दुपारची IMG_0001 समोरासमोर येतील, आणि उतरवणाऱ्याने घाईत "रिप्लेस" दाबले की स्क्रिप्ट चालण्याआधीच नुकसान झालेले असेल. त्याच मेनूतील "मॅन्युअल रिसेट" मात्र उपयोगाचा आहे: रुमाल उघडताना एकदा तो दिला की पुढे कितीही कार्डे बदलली तरी अंक सलग चालतो. तोही माणसाच्या लक्षात राहिला तरच.

मोडीवाचक

दुरुस्त करा किंवा करू नका, हा वाद ज्या प्रश्नावर चालला आहे तो मला दुय्यम वाटतो. रुमालातील सुट्या कागदांवर बहुधा पृष्ठांक नसतात. कोणत्या कागदानंतर कोणता कागद होता, हे बांधणीतील जागेवरूनच कळते. पत्राचा मजकूर आणि त्याची पाठ यांची जोडी तुटली, तर ती जुळवायला मोडी वाचणारा माणूस लागतो, आणि असे लोक आपल्याकडे किती आहेत हे दप्तरखाना यांना चांगले ठाऊक असेल. अशा वेळी कॅमेऱ्याच्या अंकालाच कागदाचा क्रम मानणे हाच या स्क्रिप्टचा मूळ दोष आहे, आणि नोंदीत तो आलेलाच नाही.

नोंदीतलेच उदाहरण घ्या. ००५७ अस्पष्ट म्हणून पुसली, पुढे काय? तो कागद पुन्हा टिपला जातो, तोही दिवसाच्या शेवटी. त्याचा अंक शेवटचा, वेळही शेवटची. नावाने लावा किंवा छायाचित्राच्या वेळेने लावा, तो शेवटीच जाणार. हा कागद सत्तावन्नावा आहे, हे फक्त टिपणाऱ्याला माहीत असते. म्हणून टेबलावर वही हवी: कागदाचा क्रम, पाठ की पोट आणि कॅमेऱ्याचा अंक. इंटर्नला उरलेल्या दिवसांत काही करायला सांगायचेच असेल, तर त्या वहीचे रकाने आखून घ्या.

सह्यकडा

अष्टमानाचा मुद्दा बरोबर आहे. पण त्यातून "हात लावू नका" हा निष्कर्ष निघत नाही, "प्रतीवर चालवून पाहा" एवढाच निघतो. रिकामे फोल्डर, ००८९ आणि ०१४०, या तीन स्थितींची चाचणी अर्ध्या तासात होते. शिवाय सर्वांत धोकादायक शब्द `mv` आहे आणि त्याकडे कोणी पाहिले नाही. त्या जागी `cp -p -n` वापरून मूळ फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेवल्या, तर नावे कितीही चुकली तरी पुन्हा देता येतील. वही हवीच, पण वहीतला IMG_4512 शोधायचा तर ते नाव कुठेतरी टिकले पाहिजे, आणि आजची स्क्रिप्ट नेमके तेच पुसून टाकते.

निशिगंध

थोडे वेगळे विचारते. फाइलींची नावे देवनागरीत का देत नाहीत? "रुमाल_१२" असे वाचायला किती सोपे जाईल!

दप्तरखाना

निशिगंध, बाहेरच्या संस्थांना फाइली पाठवाव्या लागतात, म्हणून नावे रोमन लिपीत आहेत. तो वेगळा विषय होईल.

सह्यकडा, मूळ फाइली ठेवायच्या तर जागा दुप्पट लागेल. एक छायाचित्र सुमारे १० एमबी धरले, तर २८० छायाचित्रांचा रुमाल २.८ जीबीचा होतो. एवढी जागा आहे, पण वर्षभराचा हिशेब वरिष्ठांपुढे मांडावा लागेल. दरम्यान एक नवी अडचण दिसली आहे: मागच्या महिन्यातील एका रुमालात रंगपट्टी मध्येच सापडली. मूळ नावे तर गेली आहेत. आता क्रम परत मिळेल का?

रात्रपाळी

मिळण्याची शक्यता चांगली आहे, कारण नाव बदलले तरी फाइलीच्या आतील नोंदी तशाच राहतात. अनेक कॅनन कॅमेरे मूळ अंकही आत लिहितात. त्या फोल्डरमध्ये हे चालवा:

```
exiftool -T -FileName -FileNumber -DateTimeOriginal .
```

`FileNumber` मध्ये फोल्डरचा अंकही असतो, त्यामुळे 100-9999 नंतर 101-0001 असे दिसले तर खरा क्रम लगेच कळेल. तो रकाना रिकामा असेल तर वेळेवरून लावा, मात्र बॅटरी काढल्यामुळे कॅमेऱ्याचे घड्याळ मधल्या काळात मागे गेले नव्हते ना, हे आधी पाहा. पुन्हा टिपलेले कागद मोडीवाचक म्हणतात तसे हातानेच बसवावे लागतील.

सह्यकडा, `cp` ला माझी हरकत नाही. पण मग आवक फोल्डर कोण आणि केव्हा रिकामे करणार, हे ठरवल्याशिवाय तो बदल करू नका. नाहीतर दुसऱ्या रात्री कालच्या सगळ्या फाइलींना पुन्हा नवे अंक मिळतील.

सह्यकडा

प्रत उतरल्यानंतर स्क्रिप्टनेच मूळ फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये हलवायची. ही एकच ओळ आहे.

रात्रपाळी

आणि डिस्क भरल्यामुळे `cp` अर्धवट राहिली, तरीही ती ओळ चालणार का?